पाळ्यांचा तक्ता आणि जुनी मैत्री

श्रोतेहो, नमस्कार. कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून काम केले, त्यांच्याच रजेच्या अर्जावर आज आपली सही लागते, अशी वेळ ज्यांच्यावर आली आहे किंवा लवकरच येणार आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे. अशा बढतीनंतर माणूस धास्तावतो तो अवघडलेपणामुळे. ते अवघडलेपण रोजच्या कामाच्या रेट्यात बरेचसे ओसरते. पक्षपात मात्र त्याच सुरुवातीच्या दिवसांत कोणाच्याही नकळत शिरतो आणि तो कोणत्या वाटेने शिरतो, हे एका प्रयोगशाळेच्या हकिगतीवरून चांगले समजते.

ही प्रयोगशाळा एका रुग्णालयातली, म्हणजे चोवीस तास चालणारी. तेथे नऊ तंत्रज्ञ होते आणि रात्रपाळीला दररोज एक जण लागत असे. त्यांच्याबरोबरच अनेक वर्षे काम केलेल्या एका बाईंना प्रमुखपद मिळाले आणि महिन्याचा पाळ्यांचा तक्ता करण्याचे काम त्यांच्याकडे आले. नऊ जणांमध्ये त्यांची एक जिवलग मैत्रीण होती आणि ज्यांनी याच पदासाठी अर्ज केला होता, असे एक ज्येष्ठ सहकारीही होते. बाई स्वभावाने न्यायी होत्या. रात्रपाळ्या सर्वांना सारख्या द्यायच्या, असे त्यांनी ठरवले आणि तक्ते खरोखर तसेच केले.

तीन महिन्यांनी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “बाई, तुमच्या मैत्रिणीला रात्रपाळ्या कमी असतात का हो?” बाईंना राग आला, कारण तक्ते त्यांच्या हातचे होते. तरीही घाईने उत्तर न देता त्यांनी हजेरीपट काढला आणि प्रत्यक्षात कोण किती रात्री कामावर होते, ते मोजले. नव्वद रात्री, नऊ माणसे, म्हणजे प्रत्येकी दहा. सहा जणांच्या नावावर दहा-दहा भरल्या. मैत्रिणीच्या नावावर सहाच होत्या आणि दोघांच्या नावावर बारा-बारा. त्या दोघांपैकी एक होते प्रश्न विचारणारे ज्येष्ठ सहकारी.

हे झाले कसे? मैत्रिणीने चार वेळा पाळी बदलून मागितली होती. चारही वेळा कारण खरे होते आणि बाईंनी चारही वेळा जे केले, ते त्या कोणासाठीही केले असते. पण ही विनंती येत असे ती रात्री घरी फोनवर, गप्पांच्या ओघात: “अगं, गुरुवारचे जरा बघ ना.” बाकीच्या आठ जणांकडे बाईंशी रात्री फोनवर बोलण्याची सोय नव्हती. त्यांनाही अडचणी असणारच, पण बढती मिळालेल्या माणसाला भीड घालणे नको म्हणून ते गप्प राहिले. म्हणजे कोणालाही अन्यायाने नकार मिळाला नव्हता, फक्त विचारण्याची मुभा एकीलाच होती. श्रोतेहो, हा मुद्दा पुन्हा सांगतो. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर निर्दोष होता, आणि तरीही तीन महिन्यांची बेरीज एकतर्फी होती. म्हणूनच आपण पक्षपाती आहोत का, हे मनाला विचारून कळत नाही. ते बेरजेवरून कळते.

पुढच्या महिन्यात बाईंनी उलट टोक गाठले. तीस रात्रींत प्रत्येकी साधारण तीन किंवा चार पाळ्या येतात, पण मैत्रिणीला त्यांनी पाच दिल्या आणि तसे तिला आधी सांगितलेही नाही. तक्ता भिंतीवर लागला, तेव्हा मैत्रिणीला तो सर्वांच्या देखत वाचावा लागला. आपण निःपक्ष आहोत हे इतरांना दाखवण्यासाठी जवळच्या माणसाला जास्त कडक वागवणे, हाही पक्षपातच होय, फक्त त्याची दिशा बदललेली असते. नव्या अधिकाऱ्यांमध्ये हा दोष मी पहिल्या दोषाइतकाच पाहिला आहे आणि त्याला कर्तव्यकठोरता म्हणून वाखाणण्याची आपल्याकडची सवय मला अजिबात पटत नाही.

त्यानंतर बाईंनी जे केले, ते सावकाश ऐकण्यासारखे आहे. त्यांनी तो तक्ता उतरवला. मैत्रिणीला कामाच्या वेळेत, स्वतःच्या टेबलापाशी बोलावून तिच्यासमोर हजेरीपट ठेवला आणि सांगितले, “तुझ्या चार रात्री दुसऱ्यांनी केल्या आहेत. तू खोटे काही बोलली नाहीस, पण मी तुझे फोनवर ऐकले आणि त्यांचे ऐकलेच नाही. यापुढे पाळीबद्दल फोनवर बोलायचे नाही, बाकी हवे ते बोल.” मैत्रीण दुखावली. दोन दिवस ती कामापुरतेच बोलत होती आणि बाईंनी तिची मनधरणी केली नाही. राहिलेल्या चार रात्री पुढच्या चार महिन्यांत, महिन्याला एक याप्रमाणे तिच्याकडे द्यायच्या आणि ज्या दोघांवर जादा भार पडला होता त्यांची आळीपाळीने एकेक रात्र कमी करायची, असे तिच्याशी बोलून ठरले. ते ठरल्यावरच नवा तक्ता भिंतीवर लागला.

त्याच्याशेजारी एक वही ठेवली गेली. पाळी बदलून हवी असेल तर वहीत लिहायचे, बदली माणूस स्वतः शोधायचा आणि त्याची सही घ्यायची. प्रत्येकाच्या नावापुढे त्या तिमाहीत झालेल्या रात्रींचा आकडा सर्वांना दिसेल असा लिहिलेला असे. पहिल्याच महिन्यात आजवर कधीही काही न मागितलेल्या तिघांनी वहीत नावे लिहिली. म्हणजे अडचणी होत्याच, त्या मांडायला जागा नव्हती.

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. पद न मिळालेल्या माणसाशी पहिल्या आठवड्यातच एकांतात बोलावे आणि त्या भेटीत दोन गोष्टी टाळाव्यात. पद मिळाल्याबद्दल त्याची क्षमा मागू नये आणि खरे तर ते तुम्हालाच मिळायला हवे होते, असेही म्हणू नये, कारण ते वाक्य सांत्वन म्हणून ऐकले जात नाही, पुढे पुरावा म्हणून सांगितले जाते. त्याला कोणते काम हवे आहे, ते विचारावे. बाईंनी ही भेट तीन महिने लांबवली होती. अखेर त्या भेटल्या, तेव्हा नव्या यंत्राची नियमित तपासणी आपल्याकडे असावी, असे त्या गृहस्थांनी सांगितले. बाईंनी ते काम निर्णयाच्या अधिकारासह दिले, म्हणजे यंत्र बंद ठेवायचे की चालू, हे तेच ठरवू लागले. अधिकाराविना दिलेले काम म्हणजे निव्वळ समजूत काढणे असते आणि अनुभवी माणसाला ते लगेच ओळखू येते.

आणखी एक अडचण उरते, ती वार्षिक मूल्यमापनाची. रात्री मोजता येतात, पण कामाचा दर्जा तसा मोजता येत नाही, त्यामुळे तेथे वहीचा उपयोग नाही. अशा वेळी वरिष्ठांना अहवाल लिहिण्यापूर्वीच सांगावे की या व्यक्तीशी माझी घनिष्ठ मैत्री आहे, तेव्हा तिच्या कामाचे नमुने दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे पाहावेत. ज्याच्याशी आपले मुळीच पटत नाही, त्याच्या अहवालाबाबतही हीच विनंती करावी. हे आधी सांगितले तर ती कामाची पद्धत ठरते, तक्रार आल्यानंतर सांगितले तर सारवासारव ठरते. नमस्कार.