बँकॉकमधली हाकेची नावं

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

मी काही वर्षं बँकॉकमध्ये नोकरीला होतो. तिथल्या एका संध्याकाळपासून सुरुवात करतो. आमच्या कचेरीतली एक मुलगी मोटारसायकल-टॅक्सीवरून पडली आणि तिला रुग्णालयात नेल्याचा कुणाचा तरी फोन आला. आम्ही चौघं धावत गेलो. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी विचारलं, "रुग्णाचं नाव?" आम्ही म्हणालो, "नोक." नोक म्हणजे पक्षी. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हाकेचं नाव नको, खरं नाव सांगा." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तीन वर्षं आम्ही तिच्याबरोबर रोज दुपारी जेवलो होतो, तिच्या घरी जाऊन आलो होतो. तिचं खरं नाव चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. त्यात मी एकटाच परदेशी, बाकीचे तिघं थाईच.

थाई भाषेत या दोन नावांना वेगवेगळे शब्द आहेत. कागदावरचं ते 'छू चिंग', म्हणजे खरं नाव. हाकेचं ते 'छू लेन'. लेन म्हणजे खेळणं, तेव्हा खेळातलं नाव. आपण याला चटकन 'टोपणनाव' म्हणतो आणि तिथेच फसतो. आपल्याकडे सुलोचनाची सुलू होते, म्हणजे लांब नाव आधी आणि छोटं नाव त्यातून निघालेलं. थाई छू लेनचा खऱ्या नावाशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. 2011 साली थायलंडच्या पहिल्या महिला पंतप्रधान झालेल्या यिंगलक शिनावात्रांचं हाकेचं नाव 'पू', म्हणजे खेकडा. 2025 मध्ये पंतप्रधान झालेले अनुतिन चार्नवीरकुल हे 'नू', म्हणजे उंदीर. अभिसित वेच्चाचीवा हे 'मार्क'. त्यांचा जन्म इंग्लंडमधला. तिथली वर्तमानपत्रं मथळ्यात हीच नावं छापतात आणि त्यात कुणाला अवमान वाटत नाही.

मला जे सांगायचं आहे ते असं, की या दोन नावांपैकी छोटं नाव थोरलं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सयामी खेड्यात माणसाला एकच नाव असे, आणि ते एका अक्षराचं, फार तर दोन अक्षरांचं. देंग म्हणजे लाल, दाम म्हणजे काळा, लेक म्हणजे लहान, मू म्हणजे डुक्कर, कोप म्हणजे बेडूक. आडनाव नव्हतंच. पाली-संस्कृतातली लांब नावं राजघराण्यात, सरदारांत आणि भिक्खूंत चालत. पुढे ती सगळ्यांपर्यंत आली, पण गावातलं जुनं नाव त्यांनी पुसलं नाही. ते घरात राहिलं.

बेडूक आणि डुक्कर ही नावं का? इथे तुम्हाला आपले दगडू, धोंडू, केरू आठवले असतील, आणि ते आठवणं अगदी बरोबर आहे. तान्ह्या बाळावर भुताखेतांचा डोळा असतो, ही समजूत तिथेही होती. थाई म्हातारी बाळ पाहायला आली की 'किती गोड' असं म्हणायची नाही. ती म्हणे, 'ना क्लियत ना चांग', म्हणजे किती कुरूप, किती नकोसं! जुन्या काळी तर बाळाला सुपात ठेवून हलकेच झुलवत आणि म्हणत, "तीन दिवस भुताचं लेकरू, चार दिवस माणसाचं, कुणाचं आहे त्यानं घेऊन जावं." मग एखादी चांगल्या स्वभावाची वडीलधारी बाई पुढे होऊन "माझं आहे" म्हणे आणि एक नाणं देऊन बाळ विकत घेई. भुतानं पाहावं की हे तर दुसऱ्याच कुणाचं, विकलं गेलेलं, आणि नावानं बेडूक. हाकेच्या नावाची मुळं अशी सुपात आहेत.

आता लांब नावाकडे येऊ. आडनावाची सक्ती राजा वजिरावुध, म्हणजे सहावा राम, याने 1913 च्या कायद्याने केली. त्याने स्वतः सहा हजारांहून जास्त कुटुंबांना आडनावं बहाल केली. मघाशी ज्यांचा उल्लेख केला त्या अभिसित यांच्या घराण्याचं आडनाव त्यांतलंच. ते थाई लिपीत जसं लिहितात तसं देवनागरीत उतरवलं तर होतं 'वेज्जाजीव'. पालीत वेज्ज म्हणजे वैद्य आणि आजीव म्हणजे उपजीविका. तुम्हा-आम्हाला ते वाचताच कळतं, आणि उच्चारलेलं ऐकलं तर मुळीच कळत नाही. थाई माणूस लिहितो संस्कृत-पालीच्या वळणानं आणि बोलतो थाई वळणानं. विमानतळावर 'सुवर्णभूमि' लिहिलेलं असतं, टॅक्सीवाला म्हणतो 'सुवन्नफूम'.

आडनावं इतकी लांब का झाली, याचं कारण कायद्यात आहे. एका कुटुंबाचं आडनाव दुसऱ्या कुटुंबानं घ्यायचं नाही. आपल्याकडे गावोगाव जाधव आणि कुलकर्णी भेटतात, पण तिथे समान आडनाव म्हणजे नातं. जो कुटुंबप्रमुख उशिरा आला, त्याला आधी घेतलेली सगळी नावं टाळावी लागली, म्हणून शब्दाला शब्द जोडत जाणं आलं. उशिरा येणाऱ्यांत चिनी वंशाची कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. राजकारणी पिता लिमचरूनरत यांचं आडनाव उलगडून पाहा. पहिला तुकडा 'लिम', हे चिनी कुळाचं नाव. मग 'चरून', म्हणजे भरभराट. शेवटी 'रत', म्हणजे आपलं रत्न. 1962 च्या कायद्यानं आडनावात दहापेक्षा जास्त व्यंजनं नकोत असं ठरवलं. या आडनावात थाई लिपीत ती आठ भरतात. स्वर मोजत नाहीत, म्हणून दहा व्यंजनांतही नाव चांगलं लांब होऊ शकतं.

आणि आडनावाचा रोजच्या बोलण्यात उपयोगच नाही. औपचारिक प्रसंगीसुद्धा 'खुन' हा आदरार्थी शब्द लावून पहिलं नाव घेतात. खुन म्हणजे आपला 'गुण'. टेलिफोनच्या यादीतसुद्धा नावं पहिल्या नावाच्या क्रमानं लावलेली असत.

पहिलं नाव तरी स्थिर असेल, असं वाटेल. तेही नाही, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो भाग हाच. खरं नाव जन्मवारावरून बांधतात. त्या पद्धतीला 'तक्सा' म्हणतात. तिच्यात वर्णमालेचे आठ गट आहेत, आणि ते आपण शाळेत घोकलेलेच: स्वर, कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, य-र-ल-व आणि श-ष-स-ह. वारही आठ, कारण बुधवारचा दिवस आणि बुधवारची रात्र वेगळी धरतात, रात्र राहूची. प्रत्येक वाराला हे आठ गट आठ घरांत बसतात. घरांची नावं तुम्हाला ओळखीची वाटतील: परिवार, आयु, तेज, श्री, मूळ, उत्साह, मंत्री, आणि शेवटचं 'कालकिणी', म्हणजे अवलक्षणी. तुमच्या वाराला जो गट कालकिणीत पडतो, त्यातलं एकही अक्षर नावात नको.

सोमवारी जन्मलेल्याचे हाल पाहा. त्याच्या वाट्याला कालकिणीत स्वरच येतात, म्हणजे नावात एकही मात्रा, वेलांटी, काना चालत नाही. मग आई-बाप मात्रेशिवाय लिहिता येणारी नावं शोधतात. 'कमल' हे एक, त्याचा उच्चार कमोन. 'धनबल' हे दुसरं, त्याचा उच्चार थनफोन. असं मात्रेविना नाव दिसलं की बाळ सोमवारचं असावं, असा अंदाज बांधता येतो. अंदाजच, कारण अशी नावं इतर वारच्या मुलांनाही ठेवतात.

आणि नशीब फिरलं, आजारपण आलं, नोकरी लागेना, की माणसं ज्योतिषाकडे जातात आणि नाव बदलून घेतात. त्यासाठी 'अम्फे' म्हणजे तालुक्याच्या कचेरीत अर्ज करायचा; फार खटाटोप नसतो. जगभर गाजलेली गायिका लिसा हिचं जन्माचं नाव प्राणप्रिया. ते बदलून ती ललिसा झाली. वयाच्या तिशीपर्यंत दोन-तीनदा नाव बदललेली माणसं मला भेटली आहेत.

छू लेन का टिकलं, याचं मला पटलेलं उत्तर इथे आहे. ज्या नावाला राज्य आणि ग्रह-तारे दोघंही हात लावू शकतात, ते नाव हाक मारायला कसं पुरणार? आईनं घरात ठेवलेलं नाव कुठल्याही कचेरीत नोंदलेलं नसतं, म्हणून ते कुणी बदलायला लावत नाही.

दुसरं कारण भाषेतलं. थाईत 'मी' आणि 'तू' म्हणायला कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकात वय, दर्जा, जवळीक मोजलेली असते. चुकीचा निवडला तर उद्धट वाटतं किंवा परकं. छू लेन ही अडचण सोडवतं. थोरल्याला 'फी' आणि धाकट्याला 'नोंग' लावून नाव घेतलं की काम झालं: फी पू, नोंग नोक. इतकंच नाही, स्वतःबद्दल बोलतानाही, विशेषतः मुली, सर्वनाम टाळून आपलं नावच वापरतात. आमची नोक म्हणायची, "नोक आज लवकर निघते." हे नाव 'मी'च्या जागी बसतं, म्हणून ते तोंडात मावेल इतकं छोटंच असावं लागतं.

अलीकडच्या पिढीत बेडूक आणि डुक्कर मागे पडून बँक, गोल्फ, बियर, आइस अशी नावं आली. 2007 मध्ये तिथल्या संस्कृती मंत्रालयानं जुनी थाई हाकेची नावं परत आणायची मोहीम काढली होती. मला त्यांची काळजी कळते, पण या इंग्रजी शब्दांनासुद्धा भाषा आपल्या साच्यात घालते. आपण नाव तोडताना सुरुवात ठेवतो. थाईत जोर शेवटावर असतो, म्हणून 'ॲपल'चं तिथे 'प्ल' राहतं, तेही थाई सुरात. शब्द बाहेरचा, पण ठेवण्याची रीत घरचीच.

आता रुग्णालयाची गोष्ट पुरी करतो. आम्ही कचेरीत फोन लावून तिची नोंद काढायला लावली. नाव मिळालं, कनकवर्ण, उच्चार कनोकवन. खिडकीपाशी यादी पाहिली, तर त्या नावाचं कुणीच नाही. पाऊण तास गेला. शेवटी आमच्यातल्या एकीनं विचारलं, पायाला लागलेली, पंचविशीची, हिरव्या पिशवीवाली कुणी आलीय का? होती. यादीत तिचं नाव होतं धनवर, उच्चार थनफॉन. तिनं दोन महिन्यांपूर्वी अम्फेत जाऊन नाव बदललं होतं आणि कचेरीत कळवायचं राहिलं होतं. ती मंगळवारची. मंगळवारला कवर्ग कालकिणी, आणि कनकवर्णमध्ये दोन 'क'. वर्षभर एकामागून एक अडचणी येत होत्या, म्हणून ज्योतिषानं ते दोन्ही काढायला सांगितले होते.

आम्ही आत गेलो तेव्हा पायाला प्लास्टर घालून ती पडली होती. आमच्यातल्या एकीनं दारातूनच हाक मारली, "नोक!" आणि तिनं मान वळवली.