एक हजार चारशे चाळीस फ्रेम म्हणजे किती वेळ?

(दहीहंडीचं चित्रीकरण करणाऱ्या तरुणांसमोर ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्रश्नापासूनच सुरुवात करू. क्लिपमध्ये १४४० फ्रेम आहेत. ती किती लांबीची?

मागच्या रांगेतून कोणीतरी ‘अठ्ठेचाळीस सेकंद’ म्हणालं. इकडून ‘सहा’ असंही ऐकू आलं. दोघंही बरोबर असू शकता, कारण मी अर्धीच माहिती दिली. फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र. त्या चित्राला स्वतःचा वेळ नसतो, ते पडद्यावर किती वेळ ठेवायचं हे आपण ठरवतो. सेकंदाला ३० चित्रं दाखवली तर १४४० भागिले ३०, म्हणजे ४८ सेकंद. २५ दाखवली तर ५७.६. आणि सेकंदाला २४० दाखवली, तर सहाच. चित्रं तीच, फाइल तीच. लांबी म्हणजे फ्रेमची संख्या भागिले दाखवण्याचा वेग, एवढंच.

आता यात ‘दाखवण्याचा’ हा शब्द नीट धरून ठेवा, कारण स्लो मोशनची सगळी करामत तिथे आहे. कॅमेऱ्याचे वेग दोन असतात. टिपण्याचा एक, दाखवण्याचा दुसरा. एरवी दोन्ही सारखे असतात म्हणून आपल्याला ते दोन आहेत हेच जाणवत नाही. टेंभी नाक्यावर उभं राहून तुम्ही फोन २४० वर लावला आणि हंडी फुटतानाचे सहा सेकंद टिपले. सहा गुणिले २४०, या झाल्या आपल्या १४४० फ्रेम. त्या ३० च्या वेगाने दाखवल्या की २४० भागिले ३०, म्हणजे आठपट लांबल्या. गोविंदा हळू पडत नाही हो, तो पडायचा तसाच पडला. दोन चित्रांमध्ये खऱ्या जगात एका सेकंदाचा २४०वा भाग गेला होता, आणि पडद्यावर आपण त्याच जागी ३०वा भाग घालवतो.

म्हणूनच साधी क्लिप एडिटिंगमध्ये ओढून आठपट केली तर ते तसं दिसत नाही. ३० ने टिपलेल्या अर्ध्या सेकंदात चित्रं १५. ती चार सेकंदांवर पसरायची तर १२० चित्रं लागतात. उरलेली १०५ आणायची कुठून? सॉफ्टवेअर एकतर प्रत्येक चित्र आठ वेळा दाखवतं, मग थर धक्के खात कोसळतो. किंवा दोन चित्रांवरून मधली चित्रं अंदाजाने रंगवतं, मग एकमेकांत अडकलेले हात-पाय पातळ होऊन विरघळल्यासारखे दिसतात. मोकळ्या आकाशातल्या पताकेवर हे खपून जातं. आठ थरांच्या गर्दीवर नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. काही फोन स्लो मोशनची फाइल २४० च्याच वेगाची ठेवतात आणि हळू दाखवण्याची सूचना सोबत लिहितात. काही फोन मात्र आधीच ताणलेली, ३० ची फाइल देतात. एकाच हंडीचे सहा सेकंद दोघांनी टिपले, तर एकाची फाइल सहा सेकंदांची दिसेल, दुसऱ्याची ४८ ची. दुसऱ्याची फाइल टाइमलाइनवर घेऊन कोणी पुन्हा आठपट ओढली, की काम बिघडलं. म्हणून आधी फ्रेम मोजा. संगणकावर ffmpeg असेल तर ही एक ओळ पुरे:

```
ffprobe -v error -count_frames -select_streams v:0 -show_entries stream=nb_read_frames,avg_frame_rate,duration -of default=nw=1 handi.mp4
```

`nb_read_frames` समोर १४४० आणि `avg_frame_rate` समोर `240/1` आलं तर फाइल ताणायची बाकी आहे. `30/1` आलं तर ताणून झाली आहे. कधी `30000/1001` असं विचित्र काही येईल. घाबरू नका, ते २९.९७. त्याने आपली क्लिप ४८ ऐवजी ४८.०४८ सेकंदांची होते, म्हणजे काहीच नाही. पण तासाभराच्या कार्यक्रमाच्या फ्रेम ३० च्या हिशेबाने मोजल्या, तर ३.६ सेकंदांची चूक होते. फोनचा वेग तर मध्येच थोडा कमी-जास्तही होतो, म्हणून तिथे ‘सरासरी’ लिहिलेलं असतं. भागाकारात तीच घ्यायची.

मघाशी एकाने विचारलं, की दुसऱ्याने पाठवलेली क्लिप असेल, तो म्हणतो २४० ने टिपली, पण फाइलवर तर ३०च दिसतं, खरं कसं ओळखायचं? प्रश्न छान आहे. पडणाऱ्या वस्तूला विचारायचं. हंडीची एखादी जाड खापरी धरा. पाणी नको, ताकही नको, ते हवेत फुटून रेंगाळतं. बाजूच्या इमारतीवरून अंदाज घ्या, साधारण दोन मजले, म्हणजे सहा मीटर. सुटलेली वस्तू सहा मीटर यायला १.१ सेकंद घेते: उंचीची दुप्पट १२, भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ. २४० ने टिपलं असेल तर या पडण्यात सुमारे २६५ फ्रेम जायला हव्यात. बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे नेत मोजा. ६६च्या आसपास भरल्या, तर तो कॅमेरा ६० वर होता. आणि २६५ भरल्या पण प्रत्येक चित्र चार-चारदा तेच दिसतंय, तर ६० चेच २४० करून पाठवलेत.

मोजताना फ्रेम नाही, फ्रेममधली अंतरं मोजायची. हाताला बोटं पाच, मधल्या फटी चार. संपूर्ण क्लिपची लांबी काढताना १४४० नेच गुणाकार-भागाकार करतो, कारण शेवटचं चित्रही पडद्यावर आपला वाटा घेतं. पण खापरी सुटल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ हा दोन चित्रांमधला असतो. उंचीचा अंदाज दहा टक्के चुकला, तरी वर्गमुळामुळे वेळ पाचच टक्के चुकतो. त्यामुळे ६० की २४० हे छातीठोकपणे सांगता येतं. २९.९७ की ३०, हे खापरी सांगणार नाही.

संध्याकाळी एलईडीच्या झोताखाली टिपलेल्या क्लिपमध्ये उजेड फडफडतो, ती तक्रारही यातलीच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही. आठपट ताणल्यावर ते सेकंदाला साडेबारा वेळा होतं, आणि मग कळतं. एडिटिंगमध्ये हे काढणं जिकिरीचं आहे. दुपारच्या उन्हात टिपा, नाहीतर वेग कमी ठेवा.

शेवटी उलटा हिशेब. रील ३० सेकंदांची हवी, दाखवणार ३० ने. म्हणजे फ्रेम ९००. टिपायचा वेग २४० असेल तर ९०० भागिले २४०, पावणेचार सेकंद. तुम्हाला खऱ्या हंडीतले एवढेच सेकंद वापरता येणार. खापरी पडायला त्यातला एकच सेकंद पुरतो, म्हणजे उरलेले पावणेतीन फुटण्याच्या आधीचे ठेवायचे की नंतर कोसळणाऱ्या थरांचे, हे ठरवा. माझं मत विचाराल तर दोन आधीचे ठेवा, कारण वरच्या पोराचा हात हंडीपर्यंत पोचतो ती घालमेल ताणून बघण्यासारखी असते.