पाच लाख चाळीस हजाराचे दीड लाख झाले आणि मग सही मिळाली
(कुपवाड एमआयडीसीतल्या सुपरवायझर आणि तरुण इंजिनिअर मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

बसा बसा, मागं जागा आहे. चहा संपला नसेल तर घेऊनच या, मला काय घाई नाही.

मी मेंटेनन्सचा माणूस. आज बोलायचंय ते एका पानाच्या प्रपोजलबद्दल, म्हणजे साहेबापुढं ठेवायचा तो कागद. माझा पहिला कागद कसा आपटला आणि दुसरा कसा पास झाला तेवढंच सांगतो, कारण दोन्हीत आयडिया तीच होती, हवेची गळती बंद करायची.

आमच्या शॉपमध्ये स्क्रू कंप्रेसर आहे, लोडवर चाळीसेक किलोवॅट खातो. रात्री मशीनी बंद झाल्या की शॉपमध्ये उभं राहायचं, सगळीकडनं स्स्स ऐकू येतं, तुमच्याकडंही येत असेल. ती हवा फुकट नाही, विजेनं दाबलेली आहे. मग मी सुट्टीदिवशी सगळ्या मशीनी बंद ठेवून एकटा कंप्रेसर चालू केला आणि घड्याळ लावून बसलो. हवा कोणीच वापरत नाही, तरी कंप्रेसर ४५ सेकंद लोड घ्यायचा आणि १३५ सेकंद अनलोड राहायचा, दहा वेळा मोजलं, सरासरी तीच. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, म्हणजे ४५ भागिले १८०, २५ टक्के. कंप्रेसरच्या क्षमतेतला पाव हिस्सा भोकांतनं जात होता.

आता हे कळल्यावर मी काय केलं, तर पाच पानं लिहिली. पहिल्या पानावर कंप्रेस्ड एअरचं महत्त्व, दुसऱ्यावर फोटो, तिसऱ्यावर ग्राफ, आणि पैशाचा आकडा चौथ्या पानावर. वर्षाला ५ लाख ४० हजार वाचतील असं ठोकून दिलं. हिशोब सोपा होता, ४० किलोवॅटचे २५ टक्के म्हणजे १०, वर्षाचे ६,००० तास, ६०,००० युनिट, ९ रुपयांनी ५ लाख ४० हजार. साहेबांनी सरळ चौथं पान काढलं, आकडा बघितला आणि माझ्यासमोरच इलेक्ट्रिकलच्या माणसाला फोन लावला. तो पलीकडनं म्हणाला, "सर, अनलोडला मशीन काय झोपत नाही, १२ किलोवॅट तेव्हाबी खातंयच की." झालं. फोन ठेवला, कागद चहाच्या कपाखाली गेला, आणि महिनाभर तिथंच दिसत होता मला.

चूक साधी होती. फिक्स स्पीडचा कंप्रेसर लोड सोडतो तेव्हा बंद पडत नाही, मोटर फिरतच असते. म्हणजे गळती कमी केली तर वाचतो तो लोड आणि अनलोडमधला फरक, ४० वजा १२, २८ किलोवॅटवरचा हिस्सा, अख्खे ४० नाही. शिवाय गळती शून्यावर येत नाही, जुन्या शॉपमध्ये तर नाहीच, दहा-पंधरा टक्क्यांवर आणली तरी खूप झालं. (व्हीएफडी वाला कंप्रेसर असेल तर गणित वेगळं, तुमच्या मशीनचं तुम्ही मीटर लावून बघा.)

म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी त्या इलेक्ट्रिकलवाल्याकडंच गेलो. ज्याला साहेब फोन लावणार आहेत त्याला कागद आधी दाखवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपटल्यावर शिकलो. त्याच्याबरोबर बसून हिशोब केला: गळती २५ वरनं १५ टक्क्यांवर, म्हणजे १० टक्के, २८ चे १० टक्के २.८ किलोवॅट, गुणिले ६,००० तास, १६,८०० युनिट, ९ रुपयांनी १ लाख ५१ हजार. आधीच्या आकड्यापुढं हा केवढा केविलवाणा दिसतोय! पण हा फोनवर पडणार नव्हता. त्याला विचारलं, तुझं नाव खाली घालू का, हिशोब तपासला म्हणून? घाल म्हणाला.

आणि कागद लिहायच्या आधी साबणाचं पाणी घेऊन एक राउंड मारला. पीयू ट्यूबचे जॉइंट, क्विक कपलर, एफआरएलचा ड्रेन, जिथं बुडबुडा आला तिथं लाल टेप. ३१ जागा निघाल्या. याला कुणाची परवानगी लागत नाही, खर्च नाही, पण साहेब शॉपमधनं जाताना विचारतात, अरे ही लाल टेप कसली? अर्धं काम तिथंच होतं.

मग कागद. जवळजवळ जसाच्या तसा वाचून दाखवतो.

"मागणी: हवेची गळती बंद करण्यासाठी ४२,००० रुपये आणि एका सुट्टीदिवशी सहा तास सगळ्या एअर लाइन बंद. पहिला टप्पा लाइन १ आणि २, १८,००० रुपये. आत्ता मंजुरी फक्त पहिल्या टप्प्याची हवी.
आजची स्थिती: गळती २५ टक्के, सुट्टीदिवशी मोजली, ३१ जागांवर लाल टेप.
फायदा: दोन्ही टप्पे मिळून गळती १५ टक्क्यांवर आली तर वर्षाला अंदाजे १.५ लाख. हिशोब मागे, इलेक्ट्रिकलने तपासला.
प्रॉडक्शन: चालू शिफ्टला हात लागणार नाही. फिटर दोन, ओव्हरटाइम खर्चात धरला आहे.
थांबायचं कधी: पहिल्या टप्प्यानंतर पुन्हा मोजू. २१ टक्क्यांच्या खाली आलं नाही तर दुसरा टप्पा मागणार नाही."

खाली तारीख आणि सहीची जागा. बस.

यात बघा, पहिल्याच ओळीत पैसे आणि तास आहेत. आमच्या साहेबांना ४२ हजाराची भीती नव्हतीच, त्यांना भीती डिस्पॅचची, म्हणून सहा तास पैशाच्या शेजारी लिहिले. आणि साहेबांना स्वतःच्या सहीनं २५ हजारापर्यंत मंजूर करता येतं हे मी अकाउंट्समध्ये विचारून घेतलं होतं, त्यावर गेलं की फाइल वर जाते आणि वर गेलेली फाइल, तुम्हाला माहितीय. पण एक गोष्ट नीट ऐका, लिमिटमध्ये बसवायला एकच खरेदी दोन पीओत तोडायची नाही, ऑडिटवाले तेच शोधत असतात आणि सही साहेबांची असते, मग पुढच्या वेळी ते तुमच्या कागदाला हातसुद्धा लावणार नाहीत. माझ्याकडं दोन टप्प्यांच्या मधे खरोखर मोजमाप होतं आणि पूर्ण ४२ हजार वरच लिहिले होते, लपवलेलं काही नव्हतं.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचला. एकच प्रश्न आला, "गळती परत नाही का होणार?" होणार, सर. ट्यूब घासते, कपलर झिजतो, म्हणून दर तीन महिन्यांनी तीच घड्याळाची टेस्ट, अर्धा तास लागतो. त्यांनी पेन घेतलं, कागदावर "दर ३ महिने" असं स्वतःच्या हातानं लिहिलं, महिनाअखेरचा डिस्पॅच आहे म्हणून सुट्टीचा दिवस एक आठवडा पुढं ढकलला, आणि सही केली.

पहिल्या टप्प्यानंतर मोजलं तर २० टक्के. मी मनात १९ धरले होते, पण २० आले ते २० लिहिले. दुसऱ्या टप्प्याचे २४ हजार त्याच कागदावर मिळाले, नवीन काही लिहिलं नाही, साहेबांच्या पेनानं लिहिलेल्या ओळीच्या खाली फक्त तारीख, २० टक्के, आणि दुसरी सही.

विचारा आता, कुणाचा कागद कपाखाली पडलाय?