माल कधी मिळेल?

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्यात फोन वाजतो, पलीकडून आधी भाव विचारला जातो आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "माल कधी मिळेल?" भावाचं उत्तर रेटलिस्टमध्ये छापलेलं असतं. तारखेचं उत्तर मात्र अनेक ठिकाणी अंदाजानेच दिलं जातं. कुणी गोडाऊनला फोन लावून "किती नग पडलेत?" असं विचारतं, तर कुणी सवयीने "पंधरा दिवसांत देतो" म्हणून टाकतं. मी प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये काम करते. या तारखेचा हिशोब कसा मांडायचा, ते आज सांगणार आहे. उद्योगात याला 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' किंवा नुसतं एटीपी म्हणतात. आज नव्या पार्टीला शब्द देता येईल असा, कुणाच्याही नावावर न लागलेला माल, एवढाच त्याचा अर्थ. हाताशी कागद-पेन असेल तर घ्या. आकडे थोडेच आहेत.

उदाहरणासाठी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला शेतीपंप बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. आपण फक्त त्याच्या 5 एचपीच्या मोनोब्लॉक पंपाकडे पाहू. गोडाऊनमध्ये आज 60 पंप तयार आहेत. असेंब्लीची लाइन एकच आहे, त्यामुळे एक आठवडा 5 एचपीचा आणि एक आठवडा 3 एचपीचा असा क्रम ठरलेला. म्हणजे 5 एचपीची 100 पंपांची बॅच दुसऱ्या आठवड्यात येणार, मग चौथ्या आणि मग सहाव्या आठवड्यात. प्रत्येक बॅच आठवड्याच्या सुरुवातीला हाती येते असं धरू.

आता आधीच घेतलेल्या ऑर्डरी पाहा. पहिल्या आठवड्यात 35 पंप द्यायचेत, दुसऱ्यात 60, तिसऱ्यात 55, चौथ्यात 30, पाचव्यात 20 आणि सहाव्यात 10.

अशात एका डीलरचा फोन येतो. रब्बीची गडबड आहे, त्यांना दुसऱ्या आठवड्याच्या आत 40 पंप हवेत. काय सांगायचं?

गोडाऊनमध्ये 60 दिसतात म्हणून "आत्ताच घेऊन जा" म्हणणारे लोक आहेत. हे उघडच चूक आहे, कारण त्यातले 35 याच आठवड्यात दुसऱ्यांना जायचेत. जरा सावध माणूस 60 मधून 35 वजा करतो आणि म्हणतो, "25 मोकळे आहेत, तेवढे आज देतो." हे ऐकायला बरोबर वाटतं, आणि माझ्या मते तारखा चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

हिशोब पुढच्या बॅचपाशी जाऊन करावा लागतो. दुसऱ्या आठवड्यात आलेल्या 100 पंपांवर दोन आठवडे काढायचे आहेत, कारण त्यानंतरची बॅच थेट चौथ्या आठवड्यात येते. त्या दोन आठवड्यांच्या ऑर्डरी आहेत 60 आणि 55, म्हणजे 115. बॅच 100 ची. 15 पंप कमी पडतात. ते येणार कुठून? आज गोडाऊनमध्ये मोकळे दिसणाऱ्या 25 मधूनच. म्हणजे त्या 25 पैकी 15 पंप तिसऱ्या आठवड्यातल्या पार्टीसाठी राखून ठेवायचे आणि खरोखर मोकळे उरतात ते फक्त 10.

पुढच्या बॅचचा हिशोब सोपा आहे. चौथ्या आठवड्यातले 100, त्यातून चौथ्या-पाचव्या आठवड्याचे 50 गेले, मोकळे 50. सहाव्या आठवड्यातले 100, त्यातून 10 गेले, मोकळे 90. म्हणून डीलरला द्यायचं उत्तर असं: "10 पंप आज पाठवतो, उरलेले 30 चौथ्या आठवड्यात. एकत्रच हवे असतील तर सगळे 40 चौथ्या आठवड्यात." डीलरला हे आवडेलच असं नाही. पण चौथ्या आठवड्यात माल मिळणार हे कळलं, की तो आपल्या शेतकऱ्यांना काय सांगायचं ते ठरवू शकतो, किंवा 30 पंप दुसरीकडून घेऊ शकतो. तो हक्क त्याचा आहे, आणि आज सांगितलं तरच त्याला तो वापरता येतो.

समजा आपण ते 25 पंप देऊन टाकले असते. दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात 15 पंप कमी पडले असते, आणि ज्या पार्टीने महिनाभर आधी ऑर्डर दिली तिचाच माल अडकला असता. यावरून एक खूण सांगते. तुमच्या कारखान्यात काल आलेली ऑर्डर झटपट जाते आणि महिन्यापूर्वीची रेंगाळते, असं वरचेवर घडत असेल तर मागच्यांसाठी राखलेला माल पुढच्यांना दिला जातोय हे नक्की समजा. अशा ठिकाणी हुशार डीलर आगाऊ ऑर्डर देणंच बंद करतात आणि ऐनवेळी दारात येऊन उभे राहतात. मग पुढचा प्लॅन करायला आकडेच हाती राहत नाहीत.

डीलरने हो म्हटलं की त्याच क्षणी वहीत नोंद झाली पाहिजे. आता आजचे मोकळे 0, चौथ्या आठवड्याचे 20, सहाव्याचे 90. विक्रीला दोन माणसं असतील आणि दोघांकडे सकाळची प्रिंट असेल, तर तेच 10 पंप दोघंही विकतात. म्हणून यादी एकच हवी. ती संगणकावर असो की फळ्यावर, त्याने फारसं बिघडत नाही. नुसतं कोटेशन दिलेल्या पार्टीचं काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोटेशनसाठी माल अडवायचा असेल तर मुदत घालून अडवा. तीन दिवसांत ऑर्डर आली नाही तर नग पुन्हा मोकळे, हे पार्टीला आधीच सांगून ठेवा. मुदत नसलेलं राखीवपण फार वाईट, कारण माल गोडाऊनमध्ये पडून राहतो आणि कागदावर मात्र संपलेला असतो.

आता हा हिशोब ज्या दोन आकड्यांवर उभा आहे, त्यांच्याकडे वळते.

पहिला आकडा प्लॅनचा. चौथ्या आठवड्यात 100 पंप येणार असं आपण धरलं. पण फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगमध्ये मशिनिंग करताना ब्लोहोल निघतात, काही मोटारी वाइंडिंगनंतर टेस्टिंगला फेल जातात. मागच्या बॅचेस पाहिल्या आणि 100 ला 94 च पंप पास होत असतील, तर प्लॅनमध्ये 94 लिहा. मग चौथ्या आठवड्याचे मोकळे 50 नव्हे, 44 होतात. हे सहा पंप विक्रीवाल्यांना फार खुपतात, "तुम्ही उगाच हात आखडता घेता" असं म्हणतात. पण ते सहा पंप कधी अस्तित्वातच येणार नव्हते.

प्लॅनमधली दुसरी चूक याहून साधी आणि जास्त घातक आहे. मागच्या आठवड्यात यायची बॅच आली नाही, तरी कागदावर ती मागच्याच तारखेला तशीच पडून राहते. संगणक ती आली असं समजून मोकळा माल दाखवत राहतो. तसंच रखडलेल्या ऑर्डरींचं. ज्यांची तारीख उलटून गेली, त्या आठवड्यांच्या रकान्यातून गळून पडतात आणि हिशोबात येतच नाहीत. म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी ही दोन कामं आधी करायची: न आलेली बॅच तिच्या खऱ्या तारखेला सरकवायची, आणि पेंडिंग ऑर्डरी पहिल्या आठवड्यात आणून बसवायच्या. त्यानंतरच फोन घ्यायचे.

आणि प्लॅन स्थिर हवा. पुढचे दोन आठवडे गोठलेले, असा नियम करावा लागतो. मालकांच्या ओळखीची पार्टी आली म्हणून लाइनवरची 5 एचपीची बॅच उतरवून 3 एचपीची चढवली, तर त्या बॅचवर दिलेले सगळे शब्द एकदम खोटे पडतात. बदल करायचाच असेल तर कुणाकुणाची तारीख सरकते त्याची यादी आधी काढून टेबलावर ठेवावी आणि मग ठरवावं. यादी पाहिल्यावर बरेच बदल रद्द होतात, हा माझा अनुभव आहे.

मोकळ्या मालापेक्षा मोठी ऑर्डर आली तर? समजा आपल्या या डीलरच्या आधीच कुणी 200 पंप मागितले असते. सहा आठवड्यांत मोकळे होते एकूण 150. उरलेले 50 प्लॅनमध्येच नव्हते, म्हणजे एटीपी तिथे संपतो आणि दुसरा प्रश्न सुरू होतो: नव्याने बनवता येतील का? त्याला 'केपेबल टू प्रॉमिस' म्हणतात. इथे कास्टिंग, स्टॅम्पिंग, तांब्याची वायर, शाफ्ट यांतलं प्रत्येक कधी मिळेल ते तपासायचं आणि वाइंडिंग विभागात जागा आहे का तेही पाहायचं. तारीख ठरवते ती सगळ्यात उशिरा येणारी गोष्ट. फाउंड्रीला तीन आठवडे आणि असेंब्ली-टेस्टिंगला एक आठवडा लागत असेल, तर चार आठवड्यांच्या आत काही होणं शक्य नाही, आणि लाइन मोकळी नसेल तर त्याच्याही पुढे. इथे वायर भरपूर पडली आहे म्हणून लवकरची तारीख देणारे लोक मी पाहिलेत. वायर असून उपयोग काय, कास्टिंगच नसेल तर?

शेवटी, दिलेली तारीख पाळली की नाही ते मोजायचं कसं, याबद्दल. चौथ्या आठवड्यात देतो म्हटलेले 30 पंप फाउंड्रीने दगा दिल्यामुळे पाचव्यात जाणार असतील, तर हे कळेल त्या दिवशीच डीलरला फोन करून नवी तारीख द्या. तो फोन केलाच पाहिजे. पण वहीत मूळ तारीख खोडू नका. कित्येक ठिकाणी नवी तारीख टाकली की जुनी पुसली जाते. मग माल पाचव्या आठवड्यात गेला तरी अहवालात "वेळेवर" असं दिसतं. असे अहवाल महिनोन्महिने 98 टक्के दाखवत राहतात आणि डीलर मात्र एकेक करून सोडून जातात. म्हणून प्रत्येक ऑर्डरीपुढे दोन रकाने ठेवा, पहिली दिलेली तारीख आणि माल प्रत्यक्ष निघाल्याची तारीख. टक्केवारी काढायची ती या दोनच रकान्यांवरून. मधल्या बदललेल्या तारखा तिसऱ्या रकान्यात लिहा, कारणासकट. कास्टिंगमुळे किती वेळा, टेस्टिंगमुळे किती वेळा, आणि कुणाच्या तरी आग्रहाखातर लाइन मोडल्यामुळे किती वेळा, ते तिथे दिसेल.

नमस्कार.