सोनं सगळ्यांनाच सारखं महाग, मग ऑर्डर आपलीच का जाते?

मंडळी, विषयाचं शीर्षक आयोजकांनी दिलंय. मी फक्त ‘मजुरीवर बोलतो’ म्हणालो होतो. पण ‘सोन्याची दरवाढ आणि निर्यातीतली स्पर्धा’ म्हटलं की खुर्च्या भरतात, हेही खरं.

सोनं महागलं की जो तो म्हणतो, आपला माल बाहेर महाग झाला, म्हणून ऑर्डर गेली. अहो, सोन्याचा दर तर जगभर मुख्यतः लंडनच्या भावाला धरून ठरतो. इटलीतल्या आरेत्सोच्या कारखानदाराला काय कोणी स्वस्तात देतं? सोनं दोघांनाही तेवढंच महाग. तरी ऑर्डर एकाकडून निघून दुसऱ्याकडे जाते. का, ते सांगतो. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐका.

मी निर्यातीच्या कारखान्यात भाव काढायला बसायचो. एका जुन्या गिऱ्हाइकाने 14 कॅरेटचं ब्रेसलेट पुन्हा बनवायला सांगितलं. पाच ग्रॅमचं होतं. चिठ्ठीत लिहिलं, ‘दिसायला तसंच, किंमतही तीच, वजन तुम्ही बघा.’ वजन तुम्ही बघा! आता सोन्याचा दर दुप्पट झाल्यावर किंमत तीच ठेवायची तर वजन साधारण निम्म्यावर येणार. म्हणजे भरीव कडी जाऊन पोकळ कडी येणार.

पोकळ कडी करतात कशी? तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा चढवायचा, तिची कडी वळवायची, डाख लावायचा आणि शेवटी आतली तार आम्लात विरघळवून काढायची. आमच्याकडे घाईत ती पुरती विरघळली नाही. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या दुकानातून तक्रार आली, की कड्यांच्या सांध्यातून काळं पाणी निघतंय. शिवाय काही कड्या पिचकल्या होत्या. खरं तर आम्लातून काढल्यावर वजन करून पाहिलं असतं, तर हिशेबापेक्षा जास्त वजनाने तार आतच असल्याचं तेव्हाच दिसलं असतं. तो काटा कोणी बघितला नाही. माल परत आला, आणि आमचा मुख्य कारागीर मला म्हणाला, ‘साहेब, वजन कमी केलंत, पण काम कुठे कमी केलंत?’

(हशा) हसा, पण व्याख्यान खरं म्हणजे याच वाक्यावर आहे. आणि चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरली. दुखण्यातच वेळ गेला.

तर आकडे घ्या, पटापट. औंस 2,000 डॉलरला असताना शुद्ध सोनं ग्रॅमला साधारण 64 डॉलर पडतं, 4,000 ला साधारण 129. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. हजार ब्रेसलेटं, पाच किलो माल, त्यात 58.5 टक्के शुद्ध सोनं. मजुरी ग्रॅमला 6 डॉलर धरू. आधी सोनं 1,88,000, मजुरी 30,000, एकूण 2,18,000 डॉलर. आता दर दुप्पट, गिऱ्हाईक तेवढेच पैसे देणार. त्यात माल बसतो सुमारे 2 किलो 700 ग्रॅम. मजुरी उरते 16,000. ब्रेसलेटं मात्र हजारच. डाख, पॉलिश, तपासणी तेवढीच, किंबहुना पोकळ असल्यामुळे जास्तच.

आता स्पर्धा कुठे आली बघा. सोनं घेतल्यापासून पैसे येईपर्यंत तीन महिने जातात. माझा प्रतिस्पर्धी बँकेकडून सोनंच उसनं घेतो, वर्षाला 2 टक्क्यांनी. मी पैसे उचलून सोनं घेतो, 8 टक्क्यांनी. हा फरक तीन महिन्यांत सुमारे 3,000 डॉलर होतो. पूर्वी तो मजुरीच्या नऊ-दहा टक्के होता, आता अठरा-एकोणीस टक्के. व्याजाचा दर हललाच नाही, पण मी मात्र दुप्पट महाग झालो! घडवताना वाया जाणारं सोनं, म्हणजे घट, तिचंही तेच. एक टक्का जादा घट म्हणजे सुमारे 2,000 डॉलर, आणि ते जाणार त्याच सोळा हजारांतून. शिवाय उसनं सोनं घेणारा मालाचा भाव ठरेल त्याच दिवशी सोन्याचा भाव बांधतो, त्यामुळे मधल्या चढउताराचा धक्का त्याला बसत नाही.

म्हणून आरेत्सोत साखळीची यंत्रं बसवलेला कारखाना जास्त मजूर-दर देऊनही टिकू शकतो: पातळ पत्रा, कमी घट, एकसारखी कडी. स्वस्त हात हा आपला फायदा, पण तो वजनी मजुरीत मोजला की वजनाबरोबर आटतो. त्यामुळे पहिला बदल कोटेशनच्या कागदावर करा: मजुरी ग्रॅमवर नको, नगावर लावा, आणि व्याज वेगळ्या ओळीत दाखवा. गिऱ्हाईक कुरकुरेल. आमचंही कुरकुरलं. दोन महिन्यांनी त्याने विचारलं, 10 कॅरेटमध्ये काय पडेल? तेव्हा आम्ही नगाचाच भाव दिला, आणि आतली तार गेली की नाही हे काट्यावर बघायला एक माणूस बसवला. त्याचा पगारही त्याच नगाच्या भावात आहे.