दोघांनीही तीच चूक केली तर?

(एका आरोग्य सर्वेक्षणाच्या डेटा एंट्री चमूपुढे केलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

गठ्ठा म्हणजे काय, तिथून सुरू करतो. तुमच्या टेबलावर जे येतं ते पन्नास फॉर्म आणि त्यावर पिनने लावलेला एक कागद. त्या कागदावर तीन गोष्टी असतात: गठ्ठ्याचा क्रमांक, फॉर्म किती आणि सगळ्या मुलांच्या वजनांची बेरीज. पहिल्या दोन गोष्टी कुणीही भरतं. तिसरी पाहून नवा ऑपरेटर हमखास विचारतो, की पन्नास मुलांच्या वजनांची बेरीज करून काय मिळणार? काहीच नाही. त्या बेरजेला स्वतःचा अर्थ नाही. ती कशासाठी असते ते शेवटाकडे कळेल.

आधी तपासण्या. पाच वर्षांखालच्या मुलाचं वय महिन्यांत ० ते ५९ असलं पाहिजे. तुम्ही ६७ टाकलंत तर प्रोग्राम अडवतो. वजनाला २ ते २५ किलो अशी मर्यादा घातलीय. जन्मतारीख आणि वय जुळत नसेल तर घंटी वाजते. हे सगळं चांगलंच आहे, पण या तपासण्यांना फक्त अशक्य गोष्ट दिसते. शक्य असलेली चूक त्यांना दिसत नाही. कागदावर ९.६ आहे आणि तुम्ही ६.९ टाकलंत, तर दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. प्रोग्राम खूश, तुम्ही खूश, आणि व्यवस्थित वाढणारं पोर यादीत कुपोषित.

मग मर्यादा आवळून घ्यायच्या का? एकदा आम्ही तसं करून पाहिलं. जन्मतारीख रिकामी असेल तर फॉर्म पुढे जाणारच नाही, असं कुलूप घातलं. आठवडाभराने जन्मतारखा मोजल्या, तर १ जूनला जन्मलेल्या मुलांची जत्रा भरली होती. आपल्याकडे शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिल्याने निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथे ते काम आमच्या ऑपरेटरने केलं होतं. त्याचा दोष नव्हता. समोर रिकामा चौकोन, प्रोग्राम हलू देत नाही आणि संध्याकाळपर्यंत गठ्ठा संपवायचाय. म्हणून आता 'माहीत नाही' याला वेगळा कोड आहे, आणि अडवणारी तपासणी फक्त खरोखर अशक्य गोष्टींना. बाकी सगळीकडे प्रोग्राम एकदा विचारतो, 'नक्की ना?' आणि पुढे जाऊ देतो.

९.६ चं ६.९ पकडायला दुहेरी एंट्री. तोच गठ्ठा दुसऱ्या माणसाने, पहिल्याचं काम न बघता, पुन्हा टाकायचा. कल्पना जुनीच आहे. पंचकार्डांच्या काळात आयबीएमचं व्हेरिफायर नावाचं यंत्र होतं. दुसरी ऑपरेटर त्यावर तेच कार्ड पुन्हा टंकायची, आणि सगळं जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला एक खाच पडायची. खाचा असलेल्या कार्डांचा ढीग हातात धरला की न जुळलेलं कार्ड कडेवरूनच दिसे.

आज आपण सीएसप्रोमध्ये दोन वेगळ्या फाइली करतो आणि मग त्या एकमेकींशी ताडून बघतो. टाकता टाकताच पहिल्याशी तुलना करणारी पद्धतही त्यात आहे, पण ती मला आवडत नाही. यंत्राने 'जुळत नाही' म्हटलं की दुसऱ्या ऑपरेटरला वाटतं आपलंच चुकलं असेल, आणि तो पहिल्याच्या आकड्याला शरण जातो. वेगळ्या फाइलींत ती भीती नाही.

तुलनेनंतर फरकांची यादी येते. साधारण अशी:

```
ID    FIELD    FILE1   FILE2
0417  WEIGHT   9.6     6.9
0422  AGE_M    31      37
0438  -        yes     no
0483  -        no      yes
```

शेवटच्या दोन ओळींकडे आधी बघा. ४३८ एका फाइलीत आहे, दुसरीत नाही. ४८३ चं नेमकं उलट. फॉर्म हरवलेला नाही, कुणीतरी क्रमांकातले दोन अंक उलटे टाकलेत. क्रमांकच चुकला तर त्या फॉर्मचं बाकी काहीच ताडलं जात नाही, म्हणून आधी हे मिटवायचं, मग पुन्हा तुलना करायची. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा तपासणी अंक याचसाठी असतो. शेजारचे दोन अंक उलटे झाले की तो जुळत नाही.

आणि फरक दिसला की कोण बरोबर हे अंदाजाने ठरवायचं नाही. तिसऱ्या माणसाने कागद काढायचा.

आता हिशेब. पन्नास फॉर्म, प्रत्येकात चाळीस रकाने, म्हणजे दोन हजार नोंदी. समजा चौदा फरक निघाले. म्हणजे एकेका ऑपरेटरच्या साधारण सात चुका, हजारात साडेतीन. दोघंही एकाच रकान्यात चुकण्याचा योग यावरून काढला, तर चाळीस गठ्ठ्यांत एकदा येतो. त्यातही दोघांनी तोच चुकीचा आकडा टाकला तरच चूक लपते. म्हणजे निश्चिंत झोपावं, नाही का?

नाही. या हिशेबात एक गृहीत दडलंय, की दोघांच्या चुकांचा एकमेकांशी संबंध नाही. बोटांच्या चुकांपुरतं ते खरं आहे. डोळ्यांच्या चुकांना ते लागू होत नाही, कारण कागद दोघांपुढे एकच असतो.

एका गठ्ठ्यात आम्ही सगळे फरक मिटवले. दोन्ही फाइली शेवटच्या टिंबापर्यंत जुळल्या. मग वरच्या कागदावरची बेरीज बघितली. अंगणवाडी सेविकेने लिहिली होती ४८६.३. आमच्याकडे आली ४८७.१. फरक ०.८.

जमाखर्च लिहिणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: तफावतीला नवाने भाग गेला तर अंक उलटे झाल्याचा संशय घ्यावा. ९.६ आणि ६.९ मध्ये फरक २.७, म्हणजे सत्तावीस दशांश, नव त्रिक सत्तावीस. शिवाय तीन आले म्हणजे ज्या दोन अंकांत तिनाचं अंतर आहे ते शोधायचे. आमच्याकडे मात्र आठ दशांश, नवाने भाग जात नाही. म्हणजे अदलाबदल नाही, एखादा अंकच बदललाय. शेवटचा एकच अंक बदलून आठाची वाढ दोनच प्रकारे होते: शून्याचा आठ झाला, नाहीतर एकाचा नऊ. म्हणून .८ आणि .९ ने संपणारी वजनं तेवढी काढली. नऊ कागद निघाले.

सहावा कागद. वजन आम्ही टाकलेलं ८.९. सेविकेने पूर्ण फॉर्म इंग्रजी आकड्यांत भरला होता, फक्त या एका चौकोनात सवयीने मराठी एक काढला होता, आणि मराठी एक हा इंग्रजी नऊचा सख्खा भाऊ. एका ऑपरेटरने नऊ वाचला, दुसरीनेही नऊच वाचला. मी स्वतः वाचला असता तर नऊच म्हटलं असतं.

ही बेरीज पकडू शकली, कारण ती सेविकेने गावातच केली होती, तिला स्वतःचा एक ठाऊक असताना. आमच्या पर्यवेक्षकाने ऑफिसात बसून कागदांवरून केली असती, तर त्यानेही ८.९ च धरलं असतं आणि बेरीज छान जुळली असती. म्हणून तो वरचा कागद ऑफिसात भरलेला मला चालत नाही. काटा पाहतानाच सेविकेने चुकीचं वाचलं असेल, तर मात्र यातलं काहीच उपयोगी नाही, मुलाचं पुन्हा वजन करावं लागतं.

तरी खात्रीसाठी मी सेविकेला फोन केला. तिने रजिस्टर उघडलं आणि म्हणाली, "आठ पॉइंट एक, सर. एकच लिहिलाय की तो. तुम्हाला दुसरं काय दिसलं?"