‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ कोणी वाजवले?

(एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या विषयासाठी मी एकच ध्वनिमुद्रण निवडले आहे. 20 जानेवारी 1965 रोजी हॉलिवूडमधील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत ‘मिस्टर टॅम्बोरीन मॅन’ हे बॉब डिलन यांचे गीत ‘द बर्ड्स’ या नवख्या बँडच्या नावाने मुद्रित झाले. एप्रिलमध्ये ते बाजारात आले आणि जून संपण्यापूर्वी अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. फोक आणि रॉक यांच्या मिलाफाची सुरुवात सांगताना आजही याच तबकडीचे नाव घेतले जाते. बँडमध्ये पाच जण होते. त्यांपैकी या तबकडीवर वाद्य वाजवणारा मात्र एकच होता.

तो म्हणजे जिम मॅकग्विन, ज्यांनी पुढे रॉजर हे नाव घेतले. आरंभीची ती सुप्रसिद्ध बारा तारांची रिकेनबॅकर गिटार त्यांचीच आहे. जीन क्लार्क आणि डेव्हिड क्रॉसबी यांनी मॅकग्विन यांच्याबरोबर गायन केले. बाकीची वाद्ये लॉस एंजेलिसच्या सेशन वादकांनी, म्हणजे सत्रागणिक मेहनताना घेऊन कोणासाठीही वाजवणाऱ्या व्यावसायिकांनी सांभाळली. ड्रमवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल आणि साथीच्या गिटारवर जेरी कोल होते. लिऑन रसेल यांचेही नाव या सत्राच्या संदर्भात घेतले जाते. मात्र त्यांचा इलेक्ट्रिक पियानो अंतिम मुद्रणात कान देऊनही जवळजवळ सापडत नाही. हे वादक हजर होते, पण मायकेल क्लार्क हे बँडचे ड्रमवादक आणि ख्रिस हिलमन हे बासवादक यांची त्या दिवशी गरजच पडली नाही.

असे का झाले, याचे उत्तर ‘कंपनीने फसवणूक केली’ एवढ्यावर संपवता येत नाही. त्या काळच्या अमेरिकेत वादकांच्या युनियनचा नियम होता की, ध्वनिमुद्रणाचे सत्र तीन तासांचे असेल आणि त्यापुढील वेळेला जादा दर पडेल. कंपनीला त्या तीन तासांत वापरता येईल असे काम हवे असे. निर्माता टेरी मेल्चर वयाने अवघा बावीस वर्षांचा होता, आणि त्याच्यासमोरच्या बँडला एकत्र येऊन पुरते वर्षही झालेले नव्हते. हिलमन मुळात मँडोलिनवादक होते आणि बास त्यांनी नुकताच हाती घेतला होता. मायकेल क्लार्क यांनी सुरुवातीला खऱ्या ड्रमच्या संचाअभावी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर सराव केला होता. मॅकग्विन यांची गोष्ट वेगळी होती. लोकगीत गाणाऱ्या मंडळींना साथ करत त्यांनी काही वर्षे व्यावसायिक वादन केले होते, त्यामुळे स्टुडिओतील शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. बँडमधून ज्याला वाजवू दिले तो स्वतःच अर्धा सेशन वादक होता, हे मला या प्रकरणातील सर्वांत बोलके वाटते.

या वादकांचे काम केवळ चुका न करण्याचे होते असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. गाणे सुरू होताना गिटारपाठोपाठ बासचा एक घसरता स्वर येतो. तो नेक्टेल यांचा आहे, आणि गिटार जितकी लक्षात राहते तितकाच तोही राहतो. ब्लेन यांनी ताल मुद्दाम साधा आणि संथ ठेवला आहे. डिलन यांच्या पाच मिनिटांहून मोठ्या गीतातील एकच कडवे घेऊन ते अडीच मिनिटांच्या आसपास बसवायचे होते. अशा वेळी ताल डगमगला असता, तर पुढे येणारे तिघांचे एकत्र गायन विस्कटले असते. ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जाणार नाही असे स्थैर्य देणे हीच या मंडळींची खरी विद्या होती.

मॅकग्विन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, या वादकांबरोबर तबकडीच्या दोन्ही बाजूंची गाणी एका तीन तासांच्या सत्रात पार पडली, तर ‘टर्न! टर्न! टर्न!’साठी बँडला स्वतः वाजवताना 77 टेक लागले. हा किस्सा बहुतेक वेळा बँडची खिल्ली उडवण्यासाठी सांगितला जातो. सांगणारे एक गोष्ट गाळतात: बँडने स्वतः वाजवलेले ते गाणेही 1965च्या डिसेंबरमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ‘बर्ड्सना वाजवता येत नव्हते’ ही लोकप्रिय समजूत म्हणूनच चुकीची आहे. पहिल्या अल्बममधील बारा गाण्यांपैकी सेशन वादकांची दोनच आहेत, आणि उरलेली दहा त्या पाच जणांनी वाजवली आहेत. अल्बम सलग ऐकला तर हा फरक जाणवतो. त्या दोन गाण्यांत ड्रम आणि बास एका जागी घट्ट बसलेले आहेत. इतरत्र ताल किंचित पुढेमागे होतो आणि गिटारींची गुंतागुंत वाढते. माझ्या कानाला त्या दहांतील काही अधिक जिवंत वाटतात, हेही नमूद करतो.

‘मंकीज’ या दूरचित्रवाणीसाठी जमवलेल्या बँडचे प्रकरण याहून गाजले. आपल्या तबकड्यांवर आपण वाजवत नाही, ही गोष्ट माईक नेस्मिथ यांनी स्वतःच उघड केली आणि 1967मध्ये बँडने स्वतः वाजवलेला अल्बम काढला. तेथे निदान प्रश्न जाहीर तरी झाला. बर्ड्सच्या बाबतीत तो कोणी विचारलाच नाही, कारण आवरणावर पाच चेहरे होते आणि श्रोत्यांना तेवढे पुरेसे होते.

मग आज आपल्याला ही नावे कशी कळतात? प्रत्येक सत्रानंतर युनियनचे एक पत्रक भरले जाई. त्यात तारीख, स्टुडिओ, गाण्यांची नावे आणि मेहनतान्यास पात्र असलेल्या वादकांची नावे असत. अभ्यासकांचा मुख्य आधार हीच पत्रके आहेत, पण ती जपून वाचावी लागतात. पत्रक पैसे कोणाला मिळाले ते सांगते. कोणाचा स्वर तबकडीवर उरला ते सांगत नाही. काही पत्रके हरवली आहेत. वादकांच्या आठवणींवर विसंबावे तर एका दिवसात तीन-तीन सत्रे करणाऱ्या माणसाला तीस वर्षांनी एखादे गाणे नेमके आठवेलच असे नाही. बासवादक कॅरल के यांनी मोटाउन कंपनीच्या काही गाण्यांवर केलेल्या दाव्यांवरून झालेला वाद हा याच अडचणीतून आला आहे. त्यामुळे पत्रक, मूळ टेप आणि कान या तिन्हींचा मेळ बसला, तरच मी नाव निश्चित मानतो.

या पत्रकांना पैशाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. सेशन वादकाला तबकडीच्या खपावर रॉयल्टी मिळत नसे, आणि अमेरिकेतील साधी रेडिओ केंद्रे आजही गाणे लावल्याबद्दल वादकाला किंवा गायकाला काहीच देत नाहीत. 1995च्या कायद्याने डिजिटल प्रसारणाचे मानधन सुरू झाले. परवान्याने होणाऱ्या अशा प्रसारणात निम्मा वाटा ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा, 45 टक्के ज्यांच्या नावाने तबकडी निघाली त्या कलाकारांचा, आणि उरलेले पाच टक्के साथीचे वादक व गायक यांचे असतात. साथीदाराला आपला हिस्सा मिळायचा, तर त्याचे नाव कोठेतरी नोंदलेले असावे लागते, आणि तेथे ही जुनी पत्रके उपयोगी पडतात. मात्र 1972पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याने हे मानधन लागू झाले ते ऑक्टोबर 2018मध्ये. तोवर कोल, नेक्टेल आणि रसेल यांचे निधन झालेले होते. हॅल ब्लेन त्यानंतर पाच महिन्यांनी, मार्च 2019मध्ये गेले.